मंजुरी वरच्या मजल्याची, चौकशी खालच्या घराची

*एका वाचकाचं पत्र:*

"आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्याचं ठिकाण. आधी ग्रामपंचायत होती, आता नगर पंचायत आहे. घर आजोबांच्या हातचं. पुढच्या दोन खोल्या मातीतल्या जुडाईच्या; वर कवेलू होते, आता टिन आहे. मागे दहा-बाय-बाराच्या दोन खोल्या, त्यांच्यावर बाबांनी 1997 मध्ये स्लॅब टाकला. मुलाचं लग्न ठरत आहे, म्हणून पूर्ण घरावर एक मजला चढवायचा आहे. मिस्त्री म्हणतो, भिंती दणकट आहेत, काही होत नाही. शेजारी म्हणतात, आधी बांधा, मग दंड भरा. मला मात्र रीतसर करायचं आहे. टॅक्स दरवर्षी भरतो, सगळ्या पावत्या आहेत. आखीव पत्रिकेवर अजून आजोबांचं नाव आहे. बाबा वारले. काका नागपूरला असतात, त्यांची काही आडकाठी नाही. नगर पंचायतीला नकाशा मंजुरीसाठी पत्र कसं लिहायचं, त्याचा मसुदा द्याल का?"

भाऊ, मसुदा पुढे दिला आहे. पण त्याच्या आधी थोडं थांबा, कारण या कामात पत्र एका पानाचं असतं आणि त्यातल्या प्रत्येक वाक्यामागे एक कागद जोडावा लागतो. कागद नसेल तर पत्र कितीही चांगल्या भाषेत लिहा, ते त्रुटी लागून परत येतं. तुम्ही परवानगी मागणार वरच्या मजल्याची. कार्यालय मात्र आधी खालचं घर तपासतं. ते कोणाच्या नावावर आहे, कोणत्या परवानगीने उभं आहे आणि त्याच्यावर किती ओझं चढवता येतं, या गोष्टी स्पष्ट झाल्याशिवाय वरच्या मजल्याचा नकाशा कोणी उघडतही नाही. म्हणून मीही खालूनच सुरुवात करतो.

टॅक्सच्या पावत्यांवर तुमचा बराच भरवसा दिसतो. त्या जपून ठेवा, पण त्यांच्याकडून जास्त अपेक्षा करू नका. घरावर कर लागला म्हणजे ते बांधकाम अधिकृत झालं असं नाही आणि पावतीवर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असंही नाही. कर खातं जागेवर जे दिसतं त्यावर कर बसवतं. बांधकामाची परवानगी ही त्याच कार्यालयातली वेगळी बाब आहे. तुमच्या पावत्यांचा खरा उपयोग दुसरा आहे: घर किती जुनं आहे हे त्या दाखवतात. थकबाकी नसल्याचा दाखलाही त्याच खात्याकडून घ्यायचा आहे.

मालकीसाठी आखीव पत्रिका लागते आणि तिच्यावर आजोबा आहेत. म्हणजे कागदावर अर्जदार व्हायला तुम्ही अजून पात्र नाही. भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात आधी वारस नोंदीचा अर्ज करा. सोबत आजोबांचा आणि बाबांचा मृत्यू दाखला आणि सगळ्या वारसांची नावं देणारं शपथपत्र जोडा. सगळ्या म्हणजे सगळ्या: आई, बहिणी, काका आणि आजोबांना मुली असतील तर आत्याही. मुली लग्न होऊन गेल्या म्हणून नावं गाळली की हे प्रकरण पुढे कधीतरी उलटतं आणि तोपर्यंत तुमचा पैसा भिंतीत गेलेला असतो. त्याच पत्रिकेवर सत्ताप्रकाराचा रकानाही वाचा. आपल्या विदर्भातल्या जुन्या वस्त्यांत बरीच जागा नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची आहे. तुमचा भूखंड भाडेपट्ट्याचा असेल तर पट्ट्याची मुदत चालू आहे का आणि बांधकामाबद्दल त्यात काय अटी आहेत, हे आधी बघावं लागेल. पट्टा संपलेला असेल तर नूतनीकरणाशिवाय नकाशाचं काम पुढे जाणार नाही.

आता काकांचं. "त्यांची काही आडकाठी नाही" हे तुम्ही त्यांना विचारून लिहिलं आहे की गृहीत धरून? विचारलं नसेल तर नागपूरला जाऊन समोर बसून बोला. फोनवर हा विषय नीट होत नाही. सहमालक म्हणून त्यांची लेखी संमती अर्जाला लागणारच आहे. एक काळजी मात्र घ्या. संमतीपत्र आणि हक्कसोडपत्र हे दोन वेगळे दस्त आहेत. संमतीपत्रात काका एवढंच म्हणतात की या घरावर पुतण्याने मजला बांधायला माझी हरकत नाही. हक्कसोडपत्रात ते आपला हिस्सा सोडतात आणि त्या दस्ताची नोंदणी करावी लागते. "मंजुरीसाठी सही पाहिजे" असं सांगून हक्कसोडीवर सही घ्यायचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईल. तसं करू नका. ती फसवणूक आहे आणि घरातला माणूस त्याने कायमचा तुटतो.

उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. घर सामाईक आहे. त्याच्यावर तुम्ही स्वतःच्या पैशाने मजला बांधला तरी उद्या वाटणीच्या वेळी तो मजला कोणाचा, हा प्रश्न निघू शकतो. त्यामुळे काका राजी असतील तर वरचा मजला कोणाच्या खर्चाने झाला आणि पुढे तो कोणाकडे राहील, हे वकिलाकडून लिहून घ्या. शक्य असेल तर नोंदणीकृत वाटणीपत्रच करा. वेळ जाईल, पण मुलाच्या संसाराचा पाया त्यावर उभा राहणार आहे.

नंतर घराची परवानगी. पुढच्या खोल्या आजोबांच्या काळातल्या आहेत, त्यांचा मंजूर नकाशा बहुधा सापडणार नाही. तिथे जुन्या कर आकारणी नोंदवहीचा उतारा, जुन्या खरेदीखतातलं घराचं वर्णन आणि नगर भूमापनाच्या नकाशावर दिसणारं बांधकाम यांवरून घर जुनं असल्याचं दाखवता येतं. 1997 च्या स्लॅबचं तसं नाही. बाबांनी तेव्हा ग्रामपंचायतीची परवानगी घेतली होती का, हे शोधावं लागेल. घरातल्या पेटीत, खरेदीखताच्या पिशवीत, बाबांनी बँकेचं कर्ज काढलं असेल तर त्या फायलीत बघा. ग्रामपंचायतीची नगर पंचायत झाली तेव्हा जुनं दप्तरही तिकडे गेलं असणार. तेव्हा तिथे माहितीच्या अधिकारात अर्ज द्या. 10 रुपये शुल्क लागतं आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. "उपलब्ध नाही" असं उत्तर आलं तर तेही लेखी असू द्या, ते फायलीला जोडता येतं.

परवानगी घेतलीच नव्हती असं निघालं तर? ते लपवू नका. नकाशात मागच्या खोल्या आहेत तशा दाखवायच्या आणि नियमात बसत असतील तर नव्या मजल्यासोबतच त्यांच्या नियमितीकरणाची मागणी करायची. जागा पाहायला येणाऱ्या अभियंत्याला स्लॅब दिसणारच आहे. कागदावर एक आणि जागेवर दुसरं असं आढळलं तर पूर्ण प्रस्तावावर अविश्वास बसतो.

आता ओझ्याकडे येतो. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, कारण कागदाची चूक दुरुस्त होते, भिंतीची होत नाही.

मिस्त्री भिंत दणकट आहे म्हणतो ते तिच्या जाडीकडे बघून. पुढच्या भिंती 14 इंच किंवा त्याहून जाड असतील. पण मातीतल्या जुडाईत विटा मातीने एकमेकींना धरलेल्या असतात आणि ती माती ओली झाली की नरम पडते. आजवर तिच्यावर कवेलूंचं आणि आता टिनाचं वजन आहे. टिन आणि त्याखालचे पाइप मिळून चौरस फुटाला फार तर दोन-तीन किलो भरतात. पाच इंची स्लॅबचं नुसतं काँक्रीट चौरस फुटाला सुमारे 30 किलो असतं. जी भिंत आजवर कवेलू आणि टिन पेलत आली, ती स्लॅब पेलेल असं त्यावरून म्हणता येत नाही. तुम्ही स्वतः एक गोष्ट करून बघा. आतल्या बाजूने जमिनीपासून हातभर उंचीवर थोडा गिलावा काढा आणि दोन विटांमधल्या सांध्यात जाड खिळा फिरवा. खिळा बोटाच्या जोराने आत जात असेल आणि भुकटी पडत असेल, तर त्या भिंतीवर मजल्याचा विचार सोडून द्या.

मागच्या खोल्यांचा हिशेब करून बघू. दोन्ही खोल्यांच्या मधली भिंत 12 फूट लांब आहे आणि दोन्ही बाजूंना 10-10 फुटांचा गाळा आहे. वर 9 इंची विटांची 10 फूट उंच भिंत घेतली तर भिंतीच्या प्रत्येक धावत्या फुटाला सुमारे 400 किलो येतात. वरचा नवा स्लॅब, त्यावरचा थर, खाली बसवलेली फरशी आणि माणसं-सामान यांचं मिळून चौरस फुटाला 70 किलो धरा. मधली भिंत दोन्हीकडून अर्धा-अर्धा गाळा, म्हणजे 10 फुटांचा पट्टा पेलते. ते झाले 700. एकूण 1100 किलो, दर फुटाला. बारा फुटांच्या त्या एका भिंतीवर 13 टनांच्या वर नवं ओझं. हा ढोबळ हिशेब आहे, अभियंता तो नीट करेल. पण "एकच मजला तर आहे" हे वाक्य यानंतर तुम्ही वापरणार नाही.

हे ओझं भिंतीतून पायात उतरतं आणि पाया मातीवर टेकतो. यवतमाळकडची माती बहुतेक ठिकाणी काळी आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया त्या मातीतच थांबलेला असेल तर घर दरवर्षी थोडं वर-खाली होत असतं. हे ओळखता येतं. दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी, विटांच्या पायऱ्यांसारखी चढत जाणारी भेग. वैशाखात बोट जाईल एवढी उघडी, श्रावणात जवळजवळ मिटलेली. आणि पावसाळ्यात घट्ट होणारं दार. तुमच्या घरात अशी भेग असेल तर तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी सिमेंटने चिकटवा आणि शेजारी तारीख लिहून ठेवा. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे. अशा घरावर वजन वाढवायचा विचार अभियंत्याने पाया बघितल्याशिवाय करूच नका.

पाया बघण्याचा एकच मार्ग आहे: खड्डा. मागच्या भिंतीला लागून बाहेरच्या बाजूने, पायाच्या तळापर्यंत. पाया किती खोल गेला आहे, तळाशी किती रुंद आहे, आणि काळ्या मातीत थांबला आहे की मुरुमाला लागला आहे, एवढं त्यातून कळतं. खड्डा एका वेळी एकच, लहान, आणि बघून झाल्याबरोबर ठोकून भरायचा. पावसात उघडा ठेवायचा नाही.

आणखी एक गोष्ट तपासा. पुष्कळ जुन्या स्लॅबांवर कोपऱ्यांना सळया सोडलेल्या दिसतात आणि घरचे सांगतात, "बाबांनी पुढच्या मजल्याची सोय करून ठेवली आहे." सळया वर दिसतात म्हणजे खाली कॉलम पायापर्यंत गेलाच आहे असं नसतं. कधी कधी तो भिंतीच्या माथ्यावरून निघालेला असतो आणि खाली नुसत्या विटा असतात. तो खड्डा कोपऱ्यात घेतला तर हेही उलगडेल. स्लॅबच्या खालून गंजाचे तांबूस डाग असतील, गिलाव्याचे पापुद्रे सुटत असतील, तर सळई किती शिल्लक आहे ते उघडून बघावं लागेल. तो स्लॅब छत म्हणून टाकला होता. आता तो जमीन होणार आहे.

यातून तुमच्यासमोर तीन वाटा उरतात. पहिली, मजला फक्त मागच्या खोल्यांवर घ्यायचा. दोन्ही खोल्या भिंतींसह धरून सुमारे 300 चौरस फूट, म्हणजे 28 चौरस मीटर जागा मिळते. त्यात मुलासाठी एक मोठी खोली, संडास-बाथरूम आणि थोडी उघडी गच्ची बसते. दुसरी, पूर्ण घरावर मजला हवाच असेल तर पायापासून नवे कॉलम उभारून त्यांच्यावर तो बांधायचा, जुन्या भिंतींवर काही टेकवायचं नाही. खर्च बराच वाढतो, आणि मातीच्या भिंतीच्या पायाशेजारी कॉलमचे खड्डे खणताना ती भिंतच खाली बसण्याची भीती असते. तिसरी, पुढच्या खोल्या पाडून तो भाग नव्याने बांधायचा. बांधकामाच्या दृष्टीने हीच वाट सगळ्यात निर्धोक. पण पाडून नवं बांधलं की पुढे मोकळी सोडायची सामासिक अंतरं आणि रस्त्याच्या रुंदीचे आजचे नियम त्या भागाला लागतील, आणि आजोबांच्या वेळी रस्त्याला लागून असलेलं घर कदाचित मागे सरकवावं लागेल.

मला विचाराल तर पाया मुरुमावर असेल आणि स्लॅब ठीक असेल तर पहिली वाट धरा. वरची भिंत लाल विटांऐवजी हलक्या सिमेंटच्या ब्लॉकची घेतली तर भिंतीचं वजन निम्म्याहून कमी होतं. वर स्लॅबऐवजी टिन टाकलं तर ओझं आणखी उतरेल, पण आपल्याकडे पारा 45 अंशांपर्यंत जातो. टिनाखाली दुपारी कोणी राहू शकत नाही, नवं जोडपं तर नाहीच. तेव्हा भिंत हलकी करा, स्लॅब ठेवा. पाण्याची टाकी खोलीच्या मधोमध ठेवू नका. हजार लिटर म्हणजे एक टन. ती दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यावर यायला हवी.

एक भिंत शेजाऱ्यांसोबत सामाईक असेल, जशी जुन्या वस्तीत असते, तर तिच्यावर त्यांच्या लेखी संमतीशिवाय एक वीटही चढवू नका. त्या बाजूला खिडकीही मिळणार नाही, हे खोली आखतानाच धरून चाला.

हे सगळं कळलं की मग परवानाधारक अभियंता किंवा वास्तुविशारदाकडून नकाशा काढून घ्या. राज्यात बहुतेक नगर परिषदा आणि नगर पंचायतींना 2020 पासून एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, तिच्याप्रमाणे तो लागेल. नकाशा हातात आला की सही करण्यापूर्वी स्वतः बघा. असलेलं बांधकाम काळ्या रेषेत, पाडायचं पिवळ्या तिरप्या रेघांनी, प्रस्तावित बांधकाम लाल भरलेलं असतं. तुम्ही जिना बाहेरून घ्यायचं ठरवलं असेल आणि लाल रंगात जिनाच नसेल तर तिथेच थांबवा. भूखंडाचं माप आखीव पत्रिकेवरचं आणि जागेवरचं सारखं आहे का तेही ताडून बघा. फरक असेल तर भूमी अभिलेखकडून मोजणी करून मोजणी नकाशाची क प्रत घ्या. ही कामं अर्जाआधीची आहेत, त्रुटी निघाल्यावरची नाहीत.

आता पत्र. ते नगराध्यक्षांना नव्हे, मुख्याधिकाऱ्यांना लिहायचं.

> प्रति,
> मा. मुख्याधिकारी,
> नगर पंचायत, ______
>
> विषय: मौजा ______, शीट क्र. ____, भूखंड क्र. ____ येथील अस्तित्वातील तळमजला निवासी घराच्या मागील भागावर पहिला मजला बांधण्यासाठी नकाशे मंजूर होऊन बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळणेबाबत.
>
> महोदय,
>
> वरील भूखंड, क्षेत्र ____ चौ. मी., हा आखीव पत्रिकेनुसार मी व सोबतच्या यादीतील सहधारकांच्या नावे आहे. मी अर्जदार म्हणून सर्व सहधारकांच्या लेखी संमतीने हा अर्ज सादर करीत आहे.
>
> भूखंडावर तळमजल्याचे ____ चौ. मी. निवासी बांधकाम अस्तित्वात आहे. त्यापैकी पुढील ____ चौ. मी. भाग जुना असून त्याबाबत कर आकारणी नोंदवहीचा सन ____ चा उतारा जोडला आहे. मागील ____ चौ. मी. भागास तत्कालीन ग्रामपंचायतीची दि. ____ ची परवानगी आहे, प्रत सोबत.
>
> मागील भागावर पहिल्या मजल्याचे ____ चौ. मी. निवासी बांधकाम प्रस्तावित आहे. पुढील जुन्या भागावर कोणतेही नवीन बांधकाम किंवा भार प्रस्तावित नाही. अस्तित्वातील पाया, भिंती व स्लॅब यांची पाहणी करून वाढीव मजल्यासाठी ते सक्षम असल्याचे संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र जोडले आहे.
>
> सोबत परवानाधारक तांत्रिक व्यक्तीच्या सहीचे नकाशे, आखीव पत्रिका, मोजणी नकाशा, संमतीपत्रे व कर निरंक दाखला सादर आहेत. छाननी शुल्क, विकास शुल्क व इतर देय रकमेची मागणी कळवावी, ती मुदतीत भरण्यात येईल.
>
> अर्जदार
> (सही, नाव, पत्ता, मोबाईल क्रमांक)
> दिनांक:

यात विनंतीचे शब्द कमी आणि मापं जास्त आहेत, ते मुद्दाम. "जुन्या भागावर भार प्रस्तावित नाही" हे वाक्य तुमच्या बाजूचं सगळ्यात वजनदार वाक्य आहे. तपासणाऱ्या अभियंत्याला मातीच्या भिंती दिसल्या की पहिली शंका तीच येणार. दुसरी वाट धरली तर मात्र हे वाक्य बदलून कॉलमच्या स्वतंत्र पायाचं लिहावं लागेल. मागच्या भागाची परवानगी सापडली नाही तर त्या वाक्याच्या जागी नियमितीकरणाची मागणी येईल. आणि विषयात "दुरुस्ती" हा शब्द कोणी घालायला सांगितला तर घालू नका. दुरुस्तीच्या परवानगीवर मजला उभा राहिला तर तो अनधिकृतच ठरतो.

अनेक ठिकाणी हे प्रस्ताव आता ऑनलाइन प्रणालीतून अभियंत्याच्या खात्यावरून जातात. तसं असेल तर अर्जात मोबाईल क्रमांक तुमचा स्वतःचा द्या आणि दाखल केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत मागून घ्या. कागदावर देत असाल तर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तुमचा भूखंड 150 चौरस मीटरच्या आतला असेल तर कमी जोखमीच्या बांधकामांसाठी नियमावलीत सोपी पद्धत आहे. जुन्या घरावरच्या मजल्याला ती तुमच्या नगर पंचायतीत लावतात का, हे अभियंत्याकडून आधीच विचारून घ्या.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 45 प्रमाणे 60 दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाल्याचं मानलं जातं. लोक हे ऐकतात आणि एकसष्टाव्या दिवशी वाळू-गिट्टी टाकतात. पण मधे त्रुटीपत्र आलं असेल तर दिवस तुमच्या उत्तराच्या तारखेपासून मोजतात, आणि बांधकाम नियमात बसत असेल तरच ही मानीव परवानगी टिकते. तेव्हा तिच्या भरवशावर काम सुरू करू नका. त्रुटीपत्राला मुद्देनिहाय लेखी उत्तर द्या. "साहेबांना भेटून सांगितलं" हे उत्तर फायलीत दिसत नाही.

शेजाऱ्यांच्या "आधी बांधा, मग दंड भरा" या सल्ल्याबद्दल एवढंच सांगतो: त्याच अधिनियमाच्या कलम 52-अ खाली शुल्क भरून अनधिकृत बांधकामाचं प्रशमन करून घेण्याची जी योजना लोकांच्या डोक्यात असते, ती 31 डिसेंबर 2015 पर्यंतच्या बांधकामांसाठी होती. आज बांधलेलं नियमित होतं ते फक्त नियमात बसणारं. बसणारं असेल तर आधी परवानगी घ्यायला अडचण काय? अनधिकृत बांधकामावर शास्ती लागली आणि ती तुम्ही वर्षानुवर्षं भरली, तरी त्याने बांधकाम अधिकृत होत नाही.

शेवटी वेळेचं. प्रारंभ प्रमाणपत्र एका वर्षासाठी असतं, पुढे मुदत संपण्याआधी अर्ज करून वाढवून घ्यावं लागतं. वारस नोंद आणि काकांची संमती यांना लागेल तेवढा वेळ लागू द्या, पण पायाचा खड्डा आणि भेगेवरची काच हे आजच करा, कारण त्यावरून कोणती वाट धरायची ते ठरणार आहे. लग्नाची तारीख मजल्यावर अवलंबून ठेवू नका. काम झालं की पूर्णत्वाचा दाखला देऊन भोगवटा प्रमाणपत्र घ्या आणि ते, मंजूर नकाशा आणि अभियंत्याचं प्रमाणपत्र असे तिन्ही कागद मुलाच्या हाती द्या. तुमच्या नातवाला त्यावर काही बांधायचं झालं तर त्याला तुमच्यासारखी शोधाशोध करावी लागणार नाही.